पाकीट उघडणाऱ्यासाठी पत्र: बाळाच्या जन्मनोंदणीची कागदपत्रं वकिलातीला पाठवताना

प्रश्न: आम्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला राहतो, दोघेही भारतीय पासपोर्टधारक. मुलाचा जन्म 14 मार्च 2025 चा, म्हणजे आता दहा महिन्यांचा झाला. भारतीय दूतावासात त्याची जन्मनोंदणी करायची राहूनच गेली. ऑनलाइन अर्ज भरलाय, पण अजून सादर केलेला नाही. कागदपत्रं टपालाने डब्लिनला पाठवायची आहेत. यादीत 'कव्हरिंग लेटर' एवढंच लिहिलंय. त्यात नेमकं काय लिहायचं? पत्नीच्या पासपोर्टवर सासरचं नाव आहे, पण आमच्या विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं. इथल्या जन्मदाखल्यावर मुलाचं नाव आणि आडनाव एवढंच आहे. आम्ही अर्जात मधे माझं नावही घातलंय. चालेल ना? आणि मूळ कागद पाठवायचे की झेरॉक्स?

उत्तर:

मी युरोपातल्या एका भारतीय वकिलातीच्या कॉन्सुलर विभागात बरीच वर्षं स्थानिक कर्मचारी म्हणून काम केलं. रोज सकाळी टपालाची पाकिटं उघडून ज्या त्या टेबलावर लावणं हे माझ्याकडे होतं. त्यामुळे पत्र लिहिणाऱ्यापेक्षा पत्र उघडणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

पाकीट उघडणारा माणूस तुमचं पत्र वाचत नाही, तो ते चाळतो. त्याला तीन गोष्टी कळायला हव्या असतात: हे कोणत्या टेबलाचं काम आहे, आत काय काय आहे, आणि यातलं काय परत करायचं आहे. तुमच्या बाबतीत चौथीही आहे, ती म्हणजे मुदत. या चार गोष्टी पत्राच्या वरच्या अर्ध्या पानात दिसल्या की पाकीट पुढे सरकतं. दिसल्या नाहीत तर ते 'नंतर बघू'च्या गठ्ठ्यात जातं, आणि तो गठ्ठा प्रत्येक कार्यालयात असतो.

मुदतीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्याकडे दोनच महिने उरलेत. नागरिकत्व कायदा 1955 च्या कलम 4 नुसार, 3 डिसेंबर 2004 किंवा त्यानंतर भारताबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत आईवडील भारतीय असणं एवढंच पुरत नाही. जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत व्हावी लागते, तेव्हाच ते मूल वंशाने भारतीय नागरिक ठरतं. बरेच लोक या नोंदणीला गावाकडच्या ग्रामपंचायतीतल्या नोंदीसारखी औपचारिकता समजतात. तसं नाही. मुलाचं नागरिकत्वच या नोंदीवर उभं आहे. आणि कायद्याची भाषा 'नोंद झालेली असावी' अशी आहे, 'अर्ज पोचलेला असावा' अशी नाही. वर्ष उलटल्यावरही नोंद होऊ शकते, पण त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे फाइल वकिलातीतून दिल्लीला जाणार आणि तुम्ही वाट बघत बसणार.

माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगतो. एका जोडप्याचं पाकीट वर्ष संपायला आठवडाभर असताना आलं. कागद चोख, सह्या चोख. फक्त ड्राफ्ट दोन युरोंनी कमी होता. फीच्या तक्त्यात मूळ फीखाली भारतीय समुदाय कल्याण निधीची छोटी रक्कम वेगळ्या ओळीत असते, ती त्यांनी धरली नव्हती. ड्राफ्टची रक्कम आम्ही बदलू शकत नाही. त्या काळी आमच्याकडे शिरस्ता असा की अपुरी फी आली की पाकीट जसंच्या तसं परत. पत्रात फोन नंबर नव्हता, ईमेल नव्हता, जन्मतारीखही नव्हती. ज्याने परत पाठवलं त्याला कळायला मार्गच नव्हता की हे पाकीट घड्याळाशी शर्यत करतंय. ते नव्या ड्राफ्टसह पुन्हा आलं तेव्हा वर्ष उलटलं होतं. मग उशिराची कारणं, परवानगी, महिनोन्‌महिने थांबणं. आजीआजोबांना भेटायला काढलेली तिकिटं वाया गेली ती वेगळीच.

म्हणून तुमच्या पत्राच्या विषयाच्या ओळीतच दोन तारखा हव्यात: जन्म 14 मार्च 2025, वर्ष पूर्ण 13 मार्च 2026. दुसरी तारीख ठळक. आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य: काही त्रुटी असल्यास कृपया पाकीट परत न पाठवता मला या नंबरवर किंवा ईमेलवर कळवावं. हे वाक्य कोणाला बांधील करत नाही, पण समोरच्या माणसाला फोन उचलायला निमित्त देतं. मी स्वतः अशा वाक्यामुळे कितीतरी वेळा परतीचं पाकीट बाजूला ठेवून फोन लावलाय.

दिवस मोजताना एक ध्यानात ठेवा. वकिलातीला तिथल्या काही सुट्ट्या असतात आणि भारतातल्याही. 26 जानेवारीला डब्लिनमधली बाकी दुकानं उघडी असली तरी दूतावास बंद असणार, होळीच्या सुमारासही सुट्टी असू शकते. 13 मार्च 2026 हा शुक्रवार आहे. मी तुमच्या जागी असतो तर जानेवारी संपायच्या आत पाकीट टपालात टाकलं असतं, म्हणजे एक फेरी चुकली तरी दुसऱ्या फेरीला जागा राहते.

आता नावांचं बघू. मराठी माणसांची पाकिटं सगळ्यात जास्त अडकतात ती इथेच.

तुम्ही खरी नावं लिहिली नाहीत ते बरं केलंत. नमुन्यापुरतं मी मुलाला ईशान म्हणतो, तुम्हाला मंदार विनायक जोशी आणि तुमच्या पत्नीला ऋतुजा. लग्नाआधी ती ऋतुजा श्रीकांत देशमुख होती, लग्नानंतर ऋतुजा मंदार जोशी झाली. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. पण टेबलामागचा अधिकारी केरळचा असेल, पंजाबचा असेल, मणिपूरचा असेल. त्याच्यासमोर विवाह प्रमाणपत्र येतं, महाराष्ट्रातलं नेहमीचं नमुना 'ई', आणि त्यावर वधू ऋतुजा श्रीकांत देशमुख. पासपोर्टवर ऋतुजा मंदार जोशी. तीन शब्दांतले दोन वेगळे. त्याच्या प्रांतात लग्नानंतर आडनाव बदलत असेलही, पण मधलं नावही बदलतं हे त्याला माहीत असेलच असं नाही. त्याच्या नजरेला या दोन बायका वाटतात, आणि तो शंका काढतो. शंका रास्तच आहे, तो त्याचं काम करतोय.

ही शंका येण्याआधीच पत्राने उत्तर द्यायचं. त्यासाठी आपल्याकडच्या नामपद्धतीवर निबंध लिहू नका. दोन वाक्यं पुरतात: विवाहापूर्वी अर्जदार आईचं नाव अमुक होतं, विवाहानंतर तमुक झालं, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. आणि त्याला जोडणारा एक कागद सोबत. तुमच्या पत्नीचा माहेरच्या नावाचा जुना, रद्द केलेला पासपोर्ट घरात असेल तर त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत उत्तम. त्यावरची जन्मतारीख, जन्मस्थळ आणि आईवडिलांची नावं नव्या पासपोर्टशी जुळतात, मग वाद उरत नाही. तो नसेल आणि नावबदल राजपत्रात छापून घेतला असेल तर त्या पानाची प्रत चालते.

आयर्लंडचा जन्मदाखला इथे तुमच्या मदतीला येतो. तिथल्या पूर्ण दाखल्यावर आईचं सध्याचं आडनाव आणि जन्माचं आडनाव अशी दोन्ही येतात. म्हणजे जोशी आणि देशमुख एकाच कागदावर सापडतील. तो रकाना पत्रात दाखवून द्या. पण त्याआधी तो स्वतः नीट वाचा. तिथे आजीचंही जन्माचं आडनाव विचारतात, आणि दोन रात्री न झोपलेले आईवडील निबंधकासमोर काय सांगतात आणि काय ऐकू जातं याची मी चिक्कार उदाहरणं पाहिली आहेत. आईच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षराने वेगळं असेल तर पत्रात खुलासा करून भागत नाही. आधी तिथल्या निबंधकाकडून चूक दुरुस्त करून घ्यावी लागते. दाखला पूर्णच हवा हेही पाहा. तिथे छोटा दाखलाही मिळतो, त्यावर आईवडील नसतात, आणि मुलाचं नागरिकत्व आईवडिलांवरून ठरत असल्याने तो इथे निरुपयोगी आहे.

मुलाच्या नावाबद्दल मात्र तुमचा बेत मला बदलायला लावायचा आहे. दाखल्यावर 'ईशान जोशी' आहे आणि अर्जात तुम्ही 'ईशान मंदार जोशी' केलंय. ते काढा. वकिलात नवं नाव ठेवत नाही, तिथे झालेल्या जन्माची नोंद आपल्या वहीत घेते. तिच्यापुढचा पुरावा आयरिश दाखला आहे, आणि त्यात जे नाही ते ती कुठून आणणार? 'आमच्यात वडिलांचं नाव मधे लावतात' हे कव्हरिंग लेटरमध्ये कितीही नम्रपणे लिहिलं तरी तो पुरावा होत नाही. तुमचं नाव वडिलांच्या रकान्यात येतंच. मधलं नाव हवंच असेल तर आधी कॉर्कच्या निबंधकाकडे विचारा की मूळ नोंदीत भर घालता येते का आणि किती दिवस लागतात. दोन महिन्यांत ते आणि हे दोन्ही बसवण्याच्या भरीला मी पडलो नसतो. अर्ज अजून सादर केलेला नाही, म्हणजे दुरुस्ती तुमच्या हातात आहे. indiancitizenshiponline.nic.in वर जाऊन नाव दाखल्याप्रमाणे करा, मग सादर करा, आणि सादर केल्यावर मिळणारा फाइल क्रमांक पत्राच्या संदर्भात लिहा. क्रमांक नसलेलं पाकीट म्हणजे पाटी नसलेलं घर. कागद हातात असतात, पण संगणकावरचा तुमचा अर्ज शोधायचा कसा?

आता एक नाजूक मुद्दा. नोंदणीसाठी आईवडिलांना घोषणा करावी लागते की मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. ही कायद्यातलीच अट आहे. आयर्लंडमध्ये याला विशेष अर्थ आहे. 1 जानेवारी 2005 नंतर तिथे जन्मलेल्या मुलाला, आईवडिलांपैकी एकाने जन्माआधीच्या चार वर्षांत तीन वर्षं ग्राह्य वास्तव्य केलं असेल, तर आयरिश नागरिकत्वाचा हक्क मिळतो. विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षं त्यात मोजत नाहीत. तुम्ही चार वर्षं नोकरीच्या परवान्यावर असाल तर ईशानला तो हक्क असू शकतो. मित्रमंडळी म्हणतील, दोन्ही घेऊन ठेवा. तसं करू नका. मुलाचा आयरिश पासपोर्ट निघालेला असेल तर ही घोषणा करता येत नाही, आणि खोटी घोषणा पुढे मुलाच्याच पासपोर्टला भोवते. मग तुमचा रस्ता ओसीआय कार्डाचा. पासपोर्ट काढलेला नसेल, अर्जही केलेला नसेल, तर पत्रात नेमकं तेवढंच लिहा. हक्क आहे की नाही याची चर्चा पत्रात ओढू नका, ती कोणी विचारलेली नाही. कुठलं नागरिकत्व घ्यायचं हा घरात बसून, शक्य तर पाकीट पाठवण्याआधी, घ्यायचा निर्णय आहे.

मूळ की झेरॉक्स? यादी म्हणेल ते. पण यादी ज्या कागदाबद्दल गप्प आहे तिथे माझा नियम असा: ज्याची दुसरी प्रत सहज मिळते तो कागद मूळ पाठवावा, ज्याची मिळत नाही त्याची साक्षांकित प्रत. आयरिश जन्मदाखल्याची आणखी एक प्रमाणित प्रत 20 युरोंत मिळते आणि ती मूळच धरली जाते. एक जास्तीची मागवा, ती पाठवा, पहिली घरात ठेवा. विवाह प्रमाणपत्राचं उलट आहे. ते पुण्याहून किंवा नाशिकहून पुन्हा काढायचं तर कोणालातरी निबंधकाच्या दारात उभं राहावं लागतं. प्रत पाठवा, तिच्यावर पासपोर्टवर आहे तीच सही करा, आणि पत्रात लिहा की मूळ आमच्याकडे आहे, मागितल्यास दाखवू. पासपोर्ट आणि निवासाची कार्डं यादीत स्पष्ट मागितल्याशिवाय टपालात टाकू नका.

आमच्याकडे एकदा एका बाईंचं मूळ विवाह प्रमाणपत्र फाइलमध्ये टाचलं गेलं. त्यांच्या पत्रात नुसतं 'विवाह प्रमाणपत्र' लिहिलं होतं, मूळ की प्रत ते नाही. प्रमाणपत्र रंगीत झेरॉक्ससारखंच दिसत होतं. त्यांनी पाच महिन्यांनी विचारणा केली तेव्हा मी ते जुन्या गठ्ठ्यातून शोधून काढलं, कडेला पंचिंग मशीनची दोन भोकं पडलेली. म्हणून यादीत प्रत्येक कागदापुढे 'मूळ' किंवा 'प्रत' असं लिहाच, आणि मूळ असेल तर 'परत हवा' असंही. मूळ कागद पारदर्शक प्लास्टिकच्या खोळीत घाला, म्हणजे पंचिंग मशीन तिथे थबकतं. बाकीच्या प्रतींच्या कोपऱ्यात पेन्सिलने पानांचे आकडे घाला. मूळ दाखल्यावर काहीही लिहू नका, पेन्सिलनेही नाही.

पत्र इंग्रजीत टाइप करायचं, एका पानात. मी मजकूर मराठीत देतो, शब्दशः उतरवायची गरज नाही, क्रम तेवढा हाच ठेवा. मागितलेल्या कागदांची यादी वेगळी असेल तर सोबतचे क्रमांक त्याप्रमाणे बदला.

प्रेषक: मंदार विनायक जोशी, कॉर्कचा पूर्ण पत्ता एअरकोडसह, मोबाइल, ईमेल
दिनांक: 

प्रति,
कॉन्सुलर अधिकारी, कॉन्सुलर विभाग,
भारतीय दूतावास, डब्लिन

विषय: अल्पवयीन मुलाच्या जन्माची नोंद, नागरिकत्व कायदा 1955, कलम 4(1). मूल: ईशान जोशी. जन्म: 14 मार्च 2025, कॉर्क. एक वर्ष पूर्ण: 13 मार्च 2026.
संदर्भ: ऑनलाइन अर्ज, फाइल क्रमांक (इथे क्रमांक), सादर केल्याची तारीख (इथे तारीख)

महोदय / महोदया,

आमचा मुलगा ईशान जोशी याच्या जन्माची नोंद करून जन्म प्रमाणपत्र द्यावे, ही विनंती. मुलाच्या जन्माच्या दिवशी आम्ही दोघेही भारतीय नागरिक होतो आणि आजही आहोत. आमचे पासपोर्ट क्रमांक खाली सहीजवळ दिले आहेत. ईशानकडे कोणत्याही अन्य देशाचा पासपोर्ट नाही आणि त्यासाठी अर्जही केलेला नाही; सही केलेली घोषणा सोबत आहे.

आईच्या नावाबाबत: विवाहापूर्वीचे नाव ऋतुजा श्रीकांत देशमुख (विवाह प्रमाणपत्र, पान 13), विवाहानंतरचे नाव ऋतुजा मंदार जोशी (सध्याचा पासपोर्ट, पान 9). दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. माहेरच्या नावाच्या जुन्या पासपोर्टची प्रत पान 11 व 12 वर आहे. आयरिश जन्मदाखल्यावर आईचे जन्माचे आडनाव देशमुख असेच नोंदलेले आहे.

सोबत:
1. ऑनलाइन अर्जाची छापील प्रत, दोघांच्या सह्यांसह: मूळ, पाने 1 ते 4
2. अन्य पासपोर्ट नसल्याची घोषणा: मूळ, पान 5
3. आयरिश पूर्ण जन्मदाखला: मूळ, खोळीत, परत हवा, त्याची प्रत, पान 6
4. वडिलांचा पासपोर्ट: प्रत, पाने 7 व 8
5. आईचा सध्याचा पासपोर्ट: प्रत, पाने 9 व 10
6. आईचा जुना पासपोर्ट: प्रत, पाने 11 व 12
7. विवाह प्रमाणपत्र: प्रत, पान 13 (मूळ आमच्याकडे आहे)
8. दोघांची निवासाची कार्डे: प्रत, पाने 14 व 15
9. फी: रक्कम, ड्राफ्ट किंवा पोस्टल ऑर्डरचा क्रमांक, कल्याण निधीच्या रकमेसह
10. स्वतःचा पत्ता लिहिलेले, रजिस्टर टपालाचे परतीचे पाकीट

काही त्रुटी आढळल्यास पाकीट परत न पाठवता कृपया वरील मोबाइल किंवा ईमेलवर कळवावे. आवश्यक कागद किंवा फरकाची रक्कम आम्ही तातडीने पाठवू. गरज पडल्यास मूळ कागदपत्रांसह प्रत्यक्ष येऊ.

आपले विश्वासू,
दोघांच्या सह्या, नावे, पासपोर्ट क्रमांक

पत्र राजदूतांच्या नावे लिहू नका. आदर म्हणून लोक लिहितात, पण मग ते आधी वरच्या मजल्यावर जातं आणि शिक्का खाऊन खाली यायला दोन दिवस घेतं. एकट्या वडिलांची सहीही नको. घोषणा दोघांची आहे, तर पत्रही दोघांचं असू द्या. पासपोर्टवरची सही मराठीत असेल तर इथेही मराठीतच करा. पासपोर्टवर एक आणि पत्रावर दुसरी अशी झाली की पुन्हा शंका.

पत्रात काय नको, तेही सांगतो. आजी आजारी आहे, मेमध्ये मुंज आहे, तिकिटं काढली आहेत, असलं काही विषयात किंवा पहिल्या परिच्छेदात नको. प्रवासाची खरीच घाई असेल तर शेवटी एका वाक्यात तारीख द्या. आणि मुलाच्या पासपोर्टचा विषय या पत्रात मिसळू नका. जन्मनोंदणी आणि पासपोर्ट ही वेगळी कामं आहेत, अर्ज वेगळा, संकेतस्थळ वेगळं, फी वेगळी. पासपोर्टला आईवडिलांची संमती ॲनेक्शर 'डी'वर द्यावी लागते, ती जन्मनोंदणीच्या टेबलावर कोणी बघणार नाही. तुमची वकिलात दोन्ही अर्ज एकाच वेळी घेत असेल तर एका पाकिटात दोन वेगळ्या फोल्डरमध्ये घाला. प्रत्येक फोल्डरवर त्याचं स्वतःचं पत्र आणि त्याची स्वतःची फी, म्हणजे मी ते उघडून डावं फोल्डर एका टेबलावर ठेवतो, उजवं दुसऱ्या. एकाच पत्रात दोन्ही विनंत्या असल्या की सगळा गठ्ठा पहिल्या टेबलावर अडकतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो.

पाकीट बंद करण्याआधी सगळे कागद त्याच क्रमाने स्कॅन करून एका फाइलमध्ये ठेवा, पत्रासकट. वकिलातीतून फोन आला आणि समोरचा म्हणाला 'पान 12 अस्पष्ट आहे', तर तुम्हाला तेच पान समोर दिसलं पाहिजे. फीचा तक्ता पाठवायच्या दिवशी पुन्हा एकदा बघा, महिन्यापूर्वीच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. मग ॲन पोस्टच्या रजिस्टर टपालाने पाठवा आणि पावतीवरचा क्रमांक जपून ठेवा. परतीच्या पाकिटाचा क्रमांकही आधीच टिपून घ्या, म्हणजे दाखला तिथून निघाला की तुम्हालाच आधी कळेल.

पाकीट पोचल्याचं दिसल्यावर तीन-चार कामाचे दिवस थांबा आणि एक छोटा ईमेल टाका. विषयात फाइल क्रमांक, मुलाचं नाव आणि 13 मार्च 2026 ही तारीख, मजकुरात एवढंच की अमुक तारखेला पाकीट पोचलं, काही कमी आहे का. रोज विचारू नका. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत काहीच उत्तर आलं नाही तर मात्र फोनवर वेळ दवडू नका. भेटीची वेळ घ्या, दुसरा जन्मदाखला, स्कॅनचा छापील संच आणि टपालाची पावती घेऊन सरळ कॉर्कहून डब्लिनची सकाळची गाडी पकडा.